दोन कर्जांतलं एक खरं

मंडळी, शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी ऐका.

मी राहतो वारज्यात आणि लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावात सोसायटीचा सचिव आहे. तिथे फोन लागतो, पण नेट चालत नाही. म्हणून सभासदांच्या कर्जनोंदी मी फोनमध्ये भरतो आणि घरी वायफाय मिळालं की त्या आपोआप सर्व्हरला जातात.

काल त्या गेल्या, पण सर्व्हरची पोच फोनला आली नाही. गेल्याच नाहीत असं समजून फोनने सगळ्या पुन्हा पाठवल्या, तेही नवे नोंद क्रमांक देऊन. सर्व्हरने त्या नव्या म्हणून घेतल्या. सकाळी प्रत्येक सभासदाला दुप्पट कर्जाचा मेसेज!

ऑफिसात गर्दी उसळली. एकेकाला दाखवलं: रक्कम तीच, वेळ तीच, फक्त क्रमांक वेगळा. नोंद पुसता येत नाही, म्हणून प्रत्येकाची दुसरी नोंद रद्द करणारी उलट नोंद टाकली. लोक हसत घरी गेले.

शेवटी सुनंदाताईंचे यजमान आले. "बायकोच्या नावावर दोन कर्जं? तिनं तर एकबी काढलं नाय."

काढलं होतं, मुलीच्या फीसाठी, गुपचूप. खात्याला नंबर नवऱ्याचा, म्हणून तेव्हा मी मेसेज बंद ठेवला होता. नोंद दुसऱ्यांदा गेली तेव्हा तो आपोआप सुरू झाला.

मी घाईत म्हणालो, "अहो, दोन नाहीत. त्यातलं एक खोटं आहे."

ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी एक खरं हाय."

तेव्हापासून ताईंचा फोन बंद आहे. सांगा, माझ्या या वाक्याची उलट नोंद कुठे टाकू?