फ्यूज काढलेली तार

रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात मी स्लाइड दाखवून शिकवायचो. तिन्ही तारांतले विजेचे दाब, म्हणजे फेज, एकामागून एक चढतात-उतरतात, त्यामुळे एकूण शक्ती कधी शून्यावर येत नाही आणि मोटर आपोआप सुरू होते. म्हणून पुरवठा तीन फेजचा. नुसतं पाठ करणाऱ्यांची मला चीड होती. ट्रान्सफॉर्मरच्या स्लाइडवर गिरणीकडे जाणाऱ्या तिन्ही तारा दिसताच संगमेश्वरचा एक मुलगा उठला.

"सर, एकीचा फ्यूज काढला तर ती मेलेलीच ना?"

खूश होऊन मी सांगितलं, "मोटर फिरत असेल तर नाही. ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि त्या तारेत उलट दाब सोडते."

तो बसला नाही.

"बाबा भातगिरणीत वायरमन होते. फ्यूज काढून तार जोडताना गेले. गिरण चालूच होती. मालक म्हणाला, प्यायले होते. आईने ते खरं मानलं."