घाताला लावलेल्या दोन दांड्या

परीक्षेनंतर आमच्या कॉलेजात पेपर दाखवायचा एक दिवस असतो. कॉलेज स्वायत्त झाल्यापासून आम्ही फार पारदर्शक झालो आहोत. मुलांनी यायचं, आपली उत्तरपत्रिका बघायची, मार्कांची बेरीज बरोबर आहे का पाहायचं आणि सही करून निमूट घरी जायचं. त्यापलीकडे कुणी काही विचारलं की आमच्या स्टाफच्या चेहऱ्यावर असा भाव येतो, जणू पाहुण्याने स्वयंपाकघरात येऊन भांड्यांची झाकणं उघडून पाहिली.

त्या दिवशी टेबलापाशी मी बसले होते. दुसऱ्या वर्षाचं गणित आम्ही दोघं शिकवतो, मी आणि विभागप्रमुख. पेपर त्यांनी काढला होता आणि तपासलाही त्यांनीच. माझ्याकडे फक्त मुलांची समजूत काढायचं खातं होतं. वीस-बावीस वर्षं शिकवल्यावर एवढी बढती मिळतेच.

सारसोळे गावातली एक मुलगी आली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, गणितात कायम काठावर. तिला पाठांतर जमत नाही. पाठांतर न करता पास होता येतं असं आम्ही पहिल्याच तासाला सांगतो आणि वर्षभर त्याच्या उलट वागतो. तिने उत्तरपत्रिका उघडून माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, मना यात दोनच मार्क कशे?"

दहा मार्कांचा प्रश्न होता. आमचा पेटंट प्रश्न. दर वर्षी येतो. त्यात फक्त शून्याहून मोठ्या संख्या घ्यायच्या आणि बेरजेचा अर्थ बदलून टाकायचा. इथे 'बेरीज' म्हणजे गुणाकार, म्हणून २ आणि ३ यांची बेरीज ६. शून्याचं काम १ करतो, कारण १ ने गुणलं तर काही बदलत नाही. २ ची 'ऋण' संख्या म्हणजे अर्धा, कारण दोघांना मिळवलं की १ येतो. आणि बाहेरच्या एखाद्या संख्येने, मग ती उणे का असेना, 'गुणायचं' म्हणजे तेवढा घात चढवायचा. ३ ने २ ला गुणलं की २ चा घन, ८. एवढं उलटंपालटं करूनही व्हेक्टर स्पेसचे, म्हणजे बेरीज-गुणाकार सुरळीत चालणाऱ्या संचाचे, दहाच्या दहा नियम इथे चोख पाळले जातात, आणि तेच मुलांनी सिद्ध करायचं. मला हा प्रश्न मनापासून आवडतो. शून्य दिसायला शून्यासारखं असलं पाहिजे असं नाही, त्याने शून्याचं काम केलं की झालं, हे मुलांना याच्यातून कळू शकतं. कळत नाही ती गोष्ट वेगळी. मुलं दहा नियमांची नावं लिहितात, प्रत्येकापुढे 'पाळला जातो' लिहितात, खाली 'म्हणून सिद्ध झाले' लिहितात आणि दहापैकी नऊ घेऊन जातात.

या वर्षी विभागप्रमुखांना नावीन्याची हुक्की आली. हाच प्रश्न व्हिडिओवर सगळीकडे सोडवलेला असतो, म्हणून त्यांनी थोडा बदल केला. घात जसाच्या तसा न चढवता त्याचं चिन्ह काढून टाकायचं, म्हणजे उणे ३ असेल तरी ३ च धरायचा. घाताच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या दांड्या मारल्या की झालं. पुढे त्यांनी मला याचं कारणही सांगितलं. उणे घात चढवला की उत्तर उणे येईल आणि संचाबाहेर पडेल, अशी त्यांना धास्ती होती. आमच्या सोसायटीत तळमजल्याचे लोक खिडकीला ग्रिल लावतात, तशा त्यांनी घाताला दांड्या लावल्या. वास्तविक २ चा उणे ३ वा घात म्हणजे एक अष्टमांश. तो शून्याहून मोठाच असतो आणि निमूट घरातच राहतो. पण सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

मुलीने नऊ नियम नीट तपासले होते. दहाव्यापाशी ती थांबली होती. तो नियम सांगतो की बाहेरच्या दोन संख्यांची आधी नेहमीसारखी बेरीज करून त्या बेरजेने गुणा, किंवा एकेकीने वेगवेगळं गुणून मग मिळवा, उत्तर एकच आलं पाहिजे. तिने घेतल्या १ आणि उणे १, आणि गुणायला २. त्यांची बेरीज शून्य, आणि २ चा शून्य घात १. आता वेगवेगळं करून पाहू. १ ने गुणलं की २. उणे १ ने गुणलं की दांड्यांमुळे पुन्हा २ च. दोघांना या जगातल्या रीतीने मिळवलं की ४. एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ४. तिने लिहिलं होतं, 'हा नियम पाळला जात नाही, म्हणून ही व्हेक्टर स्पेस नाही.' त्यावर लाल पेनाची एक तिरकी रेघ, आणि समासात: प्रश्न नीट वाचा, सिद्ध करा म्हटले आहे.

मी ते तिथल्या तिथे तपासलं. पुन्हा तपासलं. मग बाकीच्या उत्तरपत्रिका चाळल्या. एकूण एक पोरांनी सिद्ध केलं होतं. जे सिद्ध होऊच शकत नाही ते सगळ्या वर्गाने सुवाच्य अक्षरात सिद्ध केलं होतं, आणि विभागप्रमुखांच्या आदर्श उत्तराने त्यांना भरघोस मार्क दिले होते.

उणे १ कसा सुचला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की तिचा अक्षरांवर भरवसा नाही, म्हणून ती प्रत्येक नियमात आधी आकडे टाकून बघते, आणि १ व उणे १ हे तिला सगळ्यात सोपे वाटतात. मग तिने खरी गोष्ट सांगितली. पास व्हायला तिला पाच मार्क कमी पडत होते. मागच्या केट्या, म्हणजे राहिलेले विषय, धरून हाही विषय गेला की वायडी, म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद, हे घरी ठरलं होतं. काकांची करंजाड्याला इस्टेट एजन्सी आहे, तिथे फोन उचलायला माणूस हवाच होता.

मी उत्तरपत्रिका घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग समजुतीच्या सुरात सांगितलं की पेपर काढताना त्यांनी स्वतः पडताळून पाहिलं होतं, २ आणि ३ घेऊन. ५ वा घात आणि २ रा गुणिले ३ रा घात, दोन्ही एकच. मी म्हटलं, सर, दोन्ही अधिक असले तर जमणारच, एक उणे घेऊन बघा. त्यांनी विचारलं, उणे कशाला घ्यायचा? मी म्हटलं, कारण नियम सगळ्या संख्यांसाठी आहे, फक्त गुणी संख्यांसाठी नाही. मग मी कागदावर १ आणि उणे १ मांडून दाखवलं. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि ते १ आणि ४ स्वतः पुन्हा मांडून पाहिले. एवढ्या वर्षांत प्रथमच मला त्यांची कीव आली, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, प्रश्नात सिद्ध करा म्हटलंय ना? मग ते सिद्ध होणारच." माझी कीव तिथेच संपली.

प्रकरण परीक्षा समितीकडे गेलं. म्हणजे मीच नेलं. प्रश्नच चुकीचा असेल तर सगळ्यांना पूर्ण मार्क द्यायचे असा आमचा नियम आहे. पण त्यासाठी प्रश्न चुकला हे कागदावर यावं लागतं, आणि कॉलेजचा दर्जा ठरवणारी मूल्यांकनाची टीम पुढच्याच महिन्यात येणार होती. प्राचार्यांनी मोठ्या आस्थेने विचारलं की किती विद्यार्थ्यांची तक्रार आहे. मी म्हटलं, एक. समितीचे चेहरे एकदम खुलले. समितीतले एक सर मेकॅनिकलचे होते. त्यांनी सुचवलं की गणितात अशा ठिकाणी मतभेद असू शकतात. मी म्हटलं, एक आणि चार समान आहेत की नाहीत याबद्दल मतभेद नसतात. ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

अखेर तोडगा निघाला. प्रश्न बरोबर, आदर्श उत्तर बरोबर, तपासणीही बरोबर. फक्त मुलगी गुणी आहे, म्हणून माणुसकीच्या नात्याने तिला पाच ग्रेस मार्क. तिने एक अर्ज द्यायचा: सदर प्रश्नाचे माझे उत्तर चुकले, माझी तक्रार मी मागे घेत आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. मजकूर ऑफिसने टाइप करून ठेवलाच होता. एवढ्या तत्परतेने आमच्याकडे पगारवाढीची पत्रंही निघत नाहीत.

मी मुलीला पोर्चमध्ये गाठलं आणि माझा संताप तिच्यावर ओतला. सही करू नकोस, म्हटलं. तू बरोबर आहेस, आपण वर जाऊ, विद्यापीठाकडे लिहू, मी तुझ्याबरोबर उभी राहीन. मी बरीच छान बोलत होते. आवाजही जरा चढला होता आणि जाणारी-येणारी मुलं बघत होती. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, याला किती दिवस लागतील. मी म्हटलं, महिने लागतील. ती म्हणाली, "मॅडम, तवर माजं वरीस गेलेलं असंल. तुमी उभ्या ऱ्हाल, पन तुमचं काय जात नाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. समोर आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं. मला मात्र ते झोंबलं. कारण खरंच माझं काही जात नव्हतं. फार तर विभागप्रमुख वर्षभर माझ्याशी बोलले नसते, आणि त्याला नुकसान म्हणता येत नाही.

ऑफिसात मी तिच्या शेजारी उभी राहिले. क्लार्कने बोट ठेवून जागा दाखवली. 'माझे उत्तर चुकले' या शब्दांच्या बरोबर खाली सही करायची होती. तिने सगळा मजकूर सावकाश वाचला, सही केली, कागद परत दिला. क्लार्कने शिक्का मारला आणि अभिनंदन, पास झालीस, असं म्हणाला. तो मनापासून म्हणाला, त्याचा काही दोष नव्हता.

ती दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे वळली. हळू आवाजात, पण क्लार्कला ऐकू जाईल इतपत, म्हणाली, "मॅडम, सही केली. पन ती व्हेक्टर स्पेस नाय हाय."

मी म्हटलं, "नाही. नाहीच आहे."

तिने मान हलवली आणि गेली. क्लार्कने मला विचारलं की काय नाही आहे. मी त्याच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर १ आणि ४ लिहिले, मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं आणि त्यावर एक तिरकी रेघ मारली.