भोंग्याचं पॅकेज

नाटकाचा सीझन लागला का वडशाच्या आजूबाजूनं मायाच आवाज चालते. ऑटोवर भोंगा बांधायचा, नाटकाची जाहिरात करत गावोगाव फिरायचं, माईकवर कधी खलनायकाचा आवाज काढायचा, कधी खाष्ट सासूचा. बाया भाकर तव्यावर सोडून दारात येतेत. पण एका घशात गावं बसतीन किती? डॉक्टर म्हणे, घसा बंद ठेव, नाईतं कायमचा बसन.

म्हून धंदा कागदावर उतरवला. पॅकेज केले: एक गाव, पाच गावं, अख्खा बाजारपट्टा. मजकूर पक्का लिहला, नाटक, गाव अन् वेळ तेवढी भरायची. चेकलिस्ट केली: बॅटरी, परवानगी, गावाच्या नावाचा उच्चार, तिकीट कुठी भेटते. नकला मोबाईलमंदी भरून देल्या. बाकी बोलाले धानोऱ्याची एक बाई ठेवली, स्टेजवर जिंदगी काढलेली.

सावलीकडच्या एका नाटक मंडळानं पाच गावाचं पॅकेज घेतलं. तिसऱ्याच गावातून अध्यक्षाचा फोन.

"मयताच्या दारात सासू वाजवून राह्यली तुयी बाई. लोकायनं ऑटो अडवला. पुढच्या गावात तू बोलशीन, तरच बुकिंग."

डोक्शात आगच गेली. गाडी हाणत पोचलो. बाई गावाबाहेर ऑटोत बसून होती. मले ओरडाचं होतं अन् घशातून निघे नुसती हवा. कोंबडी खुरूडात फुसफुसते तसा मी भांडून राह्यलो, त्याचा आणखी राग.

"दारात माणसं बसून होती, दिसली नाई तुमाले?"

"गल्लीत वळल्यावर दिसली. तवाच बंद केला. पण सासू हासून चुकली होती नं." तिनं चेकलिस्ट मायापुढं धरली. "सारं केलं मी यातलं. आधी गावात विचारा, कोणाच्या घरी काई झालं का, हे कुठी लिहलं हाय? तू मनात ठेवते अन् आमाले कागद देते."

मी गावात शिरलो का आधी पानठेल्यावर उतरतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटेपर्यंत गप्पा मारतो. कोण गेलं, कोणाचं भांडण, सारं तिथीच समजते. मंग त्या गल्लीतून भोंगा बंद. हे काम हाय, असं मले कधी वाटलंच नाई. मले वाटे मी खर्रा खाऊन राह्यलो.

तेवढ्यात अध्यक्ष आला. छाती काढून म्हणे, आमी आवाज पाहून पॅकेज घेतलं. त्याचीच नक्कल करावी वाटली, पण घसा नोता. चेकलिस्टच्या डोक्यावर लिहलं: *आधी पानठेल्यावर उतरा, विचारा, मंगच भोंगा लावा.* अन् त्याच्या हातात देली.

त्यानं वाचलं, बाईकडं पाह्यलं. "जाऊ द्या बाईलेच. पण आता चुकलं तं सारं पॅकेज कॅन्सल."

बाईनं ड्रायव्हरले ऑटो सुरू कराले लावला. "अन् तू त्या घरी जाऊन बस," मले म्हणे. "तिथी बोलाचं काम नाई."

गेलो. अंगणात माणसायमंदी बसलो. राग तसाच होता, बाईवर, अध्यक्षावर, त्या खर्ऱ्यावर. दूर पुढच्या गावाच्या वाटेनं ऑटो चालला होता. भोंगा बंद होता.