फुकट मिळालेला चकचकीत कागद

धायरीत झेरॉक्सचं दुकान टाकलं तेव्हा मी पहिल्यांदाच प्रिंटर विकत घेत होतो. कोथरूडच्या एका क्लासचं प्रश्नपत्रिका छापायचं काम मिळालं होतं. क्लासचे सर म्हणाले होते, "ही परीक्षा नीट पार पडली, तर वर्षभराचं काम तुमचं." त्या एका वाक्यावर मी नोकरी सोडली होती.

प्रिंटर विकणाऱ्या बाईंना मी विचारलं, "शाईचा स्वस्त दिसतोय. मग लेझर कशाला?"

"शाईचा प्रिंटर अगदी बारीक छिद्रांतून कागदावर थेंब उडवतो. कागद ते पितो. फोटो सुरेख येतात, पण बरेच दिवस बंद राहिला तर छिद्रांतच शाई सुकते. लेझरमध्ये शाई नाही, भुकटी असते. आत विजेचा भार दिलेला एक ड्रम फिरतो. प्रकाश त्यावर अक्षरं काढतो, तिथे भुकटी चिकटते आणि मग कागदावर उतरते."

"संपलं?"

"नाही. हे बघा." छपाई चालू असतानाच त्यांनी झाकण उघडलं, अर्ध्यावर थांबलेला कागद हलकेच ओढून काढला. अक्षरं स्वच्छ उमटली होती. त्यांनी बोट फिरवलं आणि ओळ नाहीशी झाली. "ही अजून पक्की नाहीत. शेवटचा तापलेला रोलर भुकटी वितळवून कागदावर दाबतो, तेव्हा होतात."

ती कोरी झालेली जागा मला का कोण जाणे आवडली नाही.

"लेझर घेतो. पण वर काय देणार?"

"वॉरंटी."

"ती कंपनी देते. तुम्ही काय देणार? ते फोटोच्या कागदाचं पाकीट द्या."

"अहो, तो शाईच्या प्रिंटरचा कागद. त्याचा थर रोलरवर वितळेल."

"तुम्ही द्या तर."

त्यांनी दिलं, हसत. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी प्रश्नपत्रिकांच्या आधी वाटलं, गठ्ठ्यावर एक झकास मुखपृष्ठ असावं. सरांनी मागितलं नव्हतं. चकचकीत कागद आत गेला, बाहेर आलाच नाही. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. झाकण उघडलं तर कागद रोलरला गुंडाळून बसलेला. मी तो हिसकून ओढला. रोलरवरचं काहीतरी टरकन फाटलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. पानं येऊ लागली, काळीभोर, नीटनेटकी. हात न लावता मी गठ्ठा वाढू दिला.

संध्याकाळी सर आले. वरचं पान उचललं, पहिल्या प्रश्नावर अंगठा फिरवला. प्रश्न गेला. त्यांनी काळा अंगठा बराच वेळ पाहिला.

"फार कष्ट घेतलेत आपण," ते म्हणाले. "कोपऱ्यावरचं दुसरं दुकान उघडं असतं ना या वेळी?"

असतं. वर्षभराचं काम तिथेच गेलं. आणि मी आजही विचारतो, जे माझ्या मशीनला चालत नव्हतं, ते बाईंनी माझ्या हातात दिलंच कशाला?