स्वल्पविराम बाईंचा नकार

डिझाइन कॉलेजात मुलांना इंटर्नशिप मिळवून देणाऱ्या बाईंना सगळे मागून 'स्वल्पविराम' म्हणत. कंपनीला जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या नजरेखालून जायचं, आणि त्या एखादा तरी स्वल्पविराम हलवल्याशिवाय ते सोडायच्या नाहीत. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि खरं तर आवडायचंही.

त्या दिवशी सकाळी बाई कावलेल्याच होत्या. पंखा कुरकुरत होता, चहा गार झाला होता. तेवढ्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. चेहरा असा, की जणू संवाद विसरून रंगमंचावर ढकललेली नटी.

"बाई, माझं ते पत्र झालं का बघून? खुर्चीवाल्यांना 'नाही' म्हणून कळवायचं होतं..."

खुर्चीवाले म्हणजे गावाबाहेर लाकडी खुर्च्या घडवणारे एक कारखानदार. माणूस तिखट, पण हाताखाली आलेलं पोर तयार करूनच परत पाठवणारा. त्यांनी वर्षाला एक विद्यार्थी घ्यावा म्हणून बाईंनी किती मिनतवाऱ्या केल्या होत्या! या मुलीने त्यांना फोनवर 'हो, येते' म्हटलं होतं. कागदावर सही तेवढी राहिली होती. मग सोमवारी चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या संस्थेतून बोलावणं आलं. मुलीला तेच काम शिकायचं होतं. घरी आजोबा तसल्या खुर्चीत बसून दारांच्या चौकटींशी रोज भांडत होते.

"ती संस्था तुझ्यासाठी योग्यच आहे गं," बाई म्हणाल्या. "पण आज गुरुवार आहे! अजून कळवलं नाहीस?"

"तुम्हीच दोनदा परत पाठवलंत ना. आधी 'दिलगीर' बदल म्हणालात, मग शेवटचा परिच्छेद. तिसरा खर्डा तुमच्याकडेच आहे."

बाईंनी संगणकात डोकावलं. खर्डा तिथेच होता. न उघडलेला.

"लाव फोन," त्या म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. आधी आभार, मग सरळ नकार, मग खरं कारण. आजारपण, घरची अडचण, असली सोंगं नकोत."

मुलीने फोन स्पीकरवर टाकला. ती एकही शब्द खोटा बोलली नाही.

"दुसरीकडचं कधी कळलं तुला?" पलीकडून प्रश्न आला.

"सोमवारी."

"आणि माझ्याकडे यायला विचारणाऱ्या तुझ्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला मी मंगळवारी नाही म्हणून सांगितलं! तुझ्या शब्दावर! सोमवारी बोलली असतीस तर आशीर्वाद देऊन पाठवली असती."

मुलीचे डोळे भरून आले. बाईंनी फोन ओढून घेतला. "साहेब, तिने सोमवारीच लिहिलं होतं. पत्र माझ्याकडे अडकलं. मी भाषा सुधारत होते."

"भाषा?" पलीकडे करवत थांबल्याचा आवाज आला. "बाई, मला मजकूर हवा होता, कविता नव्हे. तो मुलगा संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजला माझं दार बंद."

त्या दुसऱ्या मुलाला बोलावणं धाडलं. आला तो नखांत लाकडाचा भुसा घेऊनच. निरोप ऐकून क्षणभर त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"बाई, मी काल दुसरीकडे हो म्हटलं. दुकानांच्या मांडणीचं काम आहे. तोंडीच झालंय."

बाईंच्या ओठांवर आलं होतं, 'तोंडीच ना, मग सोड की!' तोंडी दिलेला शब्द मोडल्यामुळेच सकाळी एवढा घोळ झाला होता, आणि आता तेच त्या स्वतः शिकवणार होत्या. स्वतःचाच इतका राग आला, की त्यांनी पंखाच बंद केला.

"तुला काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"लाकडातच काम करायचं होतं. पण त्यांनी माझ्यासाठी टेबल रिकामं केलंय, बाई. मी तिकडेच जातो."

मुलगा गेला. मुलगी मात्र कोपऱ्यात उभीच होती.

शेकडो मुलांना नकार कसा द्यावा हे शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः फोन उचलला. "साहेब, तुम्ही मुलगा मागितलात, त्याबद्दल आभारी आहे. पण तो येणार नाही. त्याने दुसरीकडे शब्द दिलाय, आणि मी तो मोडायला लावणार नाही. उशीर माझ्यामुळे झाला."



"संध्याकाळपर्यंत वेळ दिला होता. तुम्ही तासाभरात सांगितलंत," खुर्चीवाले गुरगुरले.

"मग पुढच्या वर्षी...?"

"पुढच्या वर्षी फोन करा. पत्र पाठवलंत तर बघा!"