नबीलालचा खाडा

आमच्या शिवाजी पेठेत खाडा हा शब्द शिवीसारखा वापरतात. तालमीत यायचं नाही, व्यायाम बुडवायचा, म्हणजे खाडा. ताप असो, लग्न असो, माणूस दिसला नाही की वस्ताद विचारणार, "खाडा का?" तालमीच्याच फुटबॉल संघातले आम्ही त्याच मुशीत वाढलो. सामना हरलो तर दुसऱ्या दिवशी बैठका वाढवायच्या, जिंकलो तरी वाढवायच्या. डोकं वापरायचा प्रश्नच नव्हता.

नबीलाल याच तालमीचा. उचगावच्या एका कारखान्यात लेथवर कामाला, रोज सायकलनं जाऊन-येऊन. पेठेत त्याला डावा विंगर म्हणून ओळखत. चेंडू पायात आला की टचलाइन धरून असा पळायचा की समोरचा बॅक नुसता बघत राहायचा. मी सयाजी, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि १९९७ पासून संघाचा कॅप्टन. तापट कॅप्टन, हेही सांगून टाकतो.

मी कॅप्टन झालो तेव्हा नबीभाई चाळिशीला टेकला होता. त्या एका सीझनमध्ये त्याची मांडीची मागची शीर तीनदा धरली. तिन्ही वेळा सामन्यात नाही, सरावात. पळता पळता थांबायचा, मांडीला हात लावायचा आणि खाली बसायचा. तिसऱ्यांदा बसला तेव्हा मी कमिटीला सांगितलं, सत्कार करून मोकळं करूया. शाल, नारळ, फोटो. शाल आणलीसुद्धा.

नबीभाईनं ती हातात घेतली, घडी नीट केली आणि मला परत दिली. "थंडी वाजाय लागली की मागून घीन," म्हणाला.

आमचा गोलकीपर बुद्धभूषण. त्याची बहीण दीप्ती नुकतीच फिजिओथेरपी शिकून आली होती. नबीभाई तिच्याकडे गेला. तिनं आधी गोळी दिली नाही की पट्टी दिली नाही, एक वही दिली. "काका, रोज काय केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा हाय, तेवढंच लिवायचं." दोन महिन्यांनी तिनं ती वही त्याच्यापुढं धरली. रविवारी सामना, सोमवारी तीनशे बैठका, मंगळवारी रंकाळा तलावाला दोन फेऱ्या, बुधवारी वेगाचा सराव. पाय बुधवारी धरायचा.

"पंचविशीत एका दिवसात जे भरून यायचं, त्याला आता तीन दिवस लागत्यात," ती म्हणाली. "तुमी कमी व्यायाम करत न्हाय काका, चुकीच्या दिवशी करताय."

मग त्याचा आठवडा बदलला. सामन्यानंतर दोन दिवस फक्त चालणं आणि संथ सायकल. सायकल उचगावपर्यंत रोजची होतीच. वेगानं पळणं आठवड्यात एकदाच, पाय ताजा असताना, पण ते मात्र पूर्ण जोरात. पळणं अजिबात सोडलं तर शीर वेग विसरते आणि सामन्यात हमखास दगा देते, असं दीप्तीचं म्हणणं. तीनशे बैठकांच्या जागी मांडीच्या मागच्या बाजूचे मोजके, जड व्यायाम. एक तर बघायलाच गंमत होती. गुडघ्यावर बसायचं, घोटे बायकोनं, ताजबीवहिनीनं, दाबून धरायचे आणि अंग हळूहळू पुढं सोडायचं. वहिनी म्हणायच्या, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा पाय धरतीया, ते बी असं." आणि झोप. रात्री नऊनंतर नबीभाई पेठेतल्या कुठल्याच कट्ट्यावर दिसेना.

एकदा तो आपणहून माझ्याकडं आला. "सयाजी, मला विंगवरनं काढ. मागं ठेव, मधोमध. पळायला पोरं हायत की. कुठं पळायचं ते मी सांगतो."

मी मनात हसलो. पण दोन सामन्यांत हसू जिरलं. चेंडू जिथं येणार तिथं हा आधीच उभा. वीस वर्षं विंगरचं डोकं घेऊन खेळलेला माणूस, समोरचा विंगर काय करणार हे त्याला तीन पावलं आधी कळायचं. मागून सारखा बोलायचा. "डावीकडं. थांब. आता जा." १९९९ च्या सीझनमध्ये आम्ही फायनलला पोचलो ते त्या बोलण्यावर.

सेमीफायनल शुक्रवारी जादा वेळेत गेली, आणि फायनल होती रविवारी. आमच्या तालमीची एक रीत होती. फायनलच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या संघानं मातीत उतरून दोनशे बैठका मारायच्या. जुने पैलवान भोवती बसून आकडा मोजणार, पेठ दारात उभी. नबीभाई आला, मातीला हात लावून पाया पडला आणि कडेला बसला.

"उतर की," मी म्हणालो.

"शुक्रवारचा सामना अजून पायात हाय. उद्या खेळायचंय मला. तू बी मारू नगंस, आणि पोरास्नी बी मारू दिऊ नगंस. एरवी सामन्याच्या तोंडावर कोण दोनशे मारतंय? उद्या पाय उचलायचं न्हाईत."

पेठेसमोर, पैलवानांसमोर हे ऐकवलं. माझं टाळकं सरकलं. "ज्याला खाडा करायचाय, त्यानं उद्या बाहेर बसायचं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. बेचाळिसाव्या वर्षी फायनल पुन्हा येत नसते, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. दोनशे बैठका मारल्या असत्या तर जागा राहिली असती. "बरं," म्हणाला, आणि सायकल काढून घरी झोपायला गेला.

रविवारी स्टेडियम गच्च भरलेलं. अकरांत नबीभाई नाही, तो बाकावर. पूर्वार्धात आम्ही एक गोल मारला आणि मला वाटलं, बघा. उत्तरार्धात मात्र पाय शिशाचे झाले. जिना उतरतानासुद्धा मांड्या बोलत होत्या सकाळपासून, मी कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. दोन पोरांना गोळे आले. मागची फळी उघडी पडली. अजून अर्धा तास होता आणि आमच्यावर आता कधीही गोल होणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

बदली करायची कुणाची, हे मीच ठरवायचं होतं. पट्टी कुणाला द्यायची, पोरं काय म्हणतील, पेठ काय म्हणेल, सगळं त्या मिनिटभरात डोक्यातून गेलं. मी चौतिशीचा, आणि माझ्याच्यानं मागं पळवत नव्हतं. मी हात वर केला आणि स्वतः बाहेर आलो. दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून नबीभाईच्या दंडाला बांधली. गाठ सैलच बसली.

"चुकलो," म्हणालो.

"गाठ नीट मार," तो म्हणाला, आणि आत गेला.

त्या अर्ध्या तासात तो फार पळाला नाही. ज्याला गोळा आलेला त्याला पुढं उभा केला, ताज्या पोराला मागं घेतलं, आणि बोलत राहिला. शेवटच्या मिनिटांत त्यांचा पोरगा एकटा सुटला, वीस-बावीसचा, वाऱ्यासारखा. नबीभाई त्याच्या मागं धावला नाही. गोलकडं तिरका पळाला, वहीतला आठवड्याचा तो एकच पूर्ण जोर लावून, आणि चेंडू बाहेर काढला. मांडी धरली नाही.

आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला उचललं तेव्हा मी बाकावर बसून रडत होतो, आणि त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही.

नबीभाई पुढं आणखी पाच सीझन खेळला. तालमीत फायनलच्या आदल्या दिवशी आता संघ फक्त रंकाळ्यावर फिरून येतो. मी स्वतः २००८ पर्यंत खेळलो, बेचाळिशी ओलांडली. चौतिशीनंतरचा माझा प्रत्येक सामना त्या माणसानं मला दिलेला आहे. हे मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, "परवाच्या सामन्याचा पाय कसा हाय?"

"जरा जड हाय," मी म्हणालो.

"मग उद्या येऊ नगंस," म्हणाला.