तीन गोळ्या आणि नळवाले काका

वॉर्डातले पेशंट तिला फुंकरबाई म्हणत. श्वासाचे व्यायाम शिकवणारी ही फिजिओथेरपिस्ट वीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगत आली होती: सावकाश. ऐकणारे सगळे घाईत. दुपारपर्यंत तिचा स्वतःचा श्वास जांभईतच निघून जायचा.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर नळदुरुस्तीचं काम करणारे नळवाले काका होते. पोटाच्या ऑपरेशनचे टाके दुखतात म्हणून भराभर, वरच्यावर श्वास घेत होते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत चालला होता. तासाभराने पुन्हा तपासणी. आकडा उतरला नाही तर काकांची रवानगी आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर. शेजारी बसलेल्या काकू मात्र खुशीत.

"बाई, बघा! तिन्ही गोळ्या वर!"

काकांनी श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या, तीन गोळ्यांच्या प्लास्टिकच्या खेळण्याची नळी तोंडात धरून सुर्रकन ओढलं. तिन्ही गोळ्या टणकन वर गेल्या आणि तितक्याच तत्परतेने खाली आल्या. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

फुंकरबाई स्टुलावर बसली. उभं राहण्याचं त्राण नव्हतं.

"काका, झटका दिला की गोळ्या उडतात. हवा आत किती गेली, ते नाही कळत त्यातून."

"मिनिटाला पस्तीस श्वास घेतोय! आणखी काय जीव देऊ?"

"तो नका देऊ, मला कागदपत्रं करावी लागतील. गीझर लांब असला की नळाला आधी काय येतं?"

"पाइपातलं गार पाणी." काकांचा चेहरा जरा उजळला.

"आणि तांब्याभर गार पाणी आलं की लगेच नळ बंद केला तर?"

"मग दिवसभर गारच! गरम पोचणार कधी?"

"तेच करताय तुम्ही. घशापासून खालपर्यंत पाइपच आहे. मागच्या श्वासाची शिळी हवा त्यात उरते, ती आधी आत जाते. तुमचा श्वास अडीचशे मिलिलिटरचा, त्यातला दीडशे पाइपाचाच. रक्ताला ताजी हवा मिळते शंभर. श्वास पाचशेचा घेतलात तरी पाइप तेवढाच. मग साडेतीनशे कामी येतात."

"अहो, पण दुखतं!" काका कळवळले.

"ते खरं." तिने नर्सकडून दुखण्याचं इंजेक्शन देववलं, ते लागू होईस्तोवर तिथेच पेंगत बसली, मग टाक्यांवर उशी घट्ट धरायला लावली. "एकच गोळी. पण रेंगाळली पाहिजे."

काकांनी हळूहळू ओढलं. पोट फुगलं. एक गोळी वर गेली आणि थांबली.

"एकच?" काकू हिरमुसल्या.

"तू गप गं," काका म्हणाले, आणि पुन्हा ओढलं. थोडे श्वास, मग विसावा, मग पुन्हा.

तास भरला, रक्त पुन्हा तपासलं गेलं आणि डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. आकडा उतरला होता. "आयसीयू नको. इथेच राहू देत."

काकूंनी पदराने डोळे पुसले. काकांनी ऐकलंच नाही. ते झोपले होते, मिनिटाला चौदा श्वासांच्या संथ चालीने. फुंकरबाईला त्यांचा मनापासून हेवा वाटला.